शनिवारी भाड्याचे घर पाहायला जायचे आहे; एजंटला उत्तरात काय विचारावे?

आसावरी:

सर्वांना सस्नेह नमस्कार.

पुढील महिन्यापासून आम्हा दोघांना भाड्याने घर हवे आहे आणि त्यासाठी मी एका एजंटशी पत्रव्यवहार करीत आहे. काल त्यांचा निरोप आला, तो एवढाच: "शनिवारी ५ ते ६ दरम्यान घर पाहता येईल, कागदपत्रे घेऊन यावे." जाहिरातीत रस्त्याचे नाव आहे आणि नकाशावर एक वर्तुळ काढलेले आहे, परंतु इमारतीचा क्रमांक कोठेच दिलेला नाही. सध्या त्या घरात भाडेकरू राहत आहेत, असेही जाहिरातीत म्हटले आहे.

"ठीक आहे, येते" असे कळवण्यापूर्वी आणखी काय विचारून घ्यावे, आणि "कागदपत्रे" म्हणजे नेमकी कोणती न्यावीत, हे जाणकारांनी सांगावे. माझी नोकरी नुकतीच सुरू झाली असल्याने हातात एकच सॅलरी स्लिप आहे.

आसावरी

विनायक:

आसावरी, नमस्कार.

माझा सल्ला असा, की शनिवारची वाट न पाहता पासपोर्ट, व्हिसा, सॅलरी स्लिप आणि बँकेचे स्टेटमेंट आजच ईमेलने पाठवून द्यावे. चांगल्या घरासाठी अनेकांचे अर्ज येतात आणि ज्याची फाइल आधी पोहोचते त्याचा विचार आधी होतो. मी तसेच केले होते आणि घर मिळाले.

विनायक

वसुधा:

आसावरी, नमस्कार.

विनायक यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. फाइल तयार ठेवावी आणि घर आवडल्यास त्याच संध्याकाळी पाठवावी, हे योग्यच आहे. मात्र ज्या व्यक्तीला आपण पाहिलेले नाही आणि ज्या घराचा क्रमांकही आपल्याला ठाऊक नाही, तिच्या हाती पासपोर्टची संपूर्ण प्रत आणि खात्यातले व्यवहार देऊ नयेत. त्या प्रती दुसऱ्याच कोणाच्या नावे घर घेण्यासाठी किंवा पुढच्या एखाद्या फसवणुकीत "हे पाहा माझे ओळखपत्र" म्हणून दाखवण्यासाठी वापरल्या जाऊ शकतात.

आता पत्त्याविषयी. जाहिरातीत क्रमांक नसणे यात वावगे काही नाही, कारण घरात कोणी राहत असताना लोकांनी थेट दारावर येऊ नये अशी मालकांची इच्छा असते. परंतु भेट ठरली, की पूर्ण पत्ता मिळालाच पाहिजे: इमारतीचा क्रमांक, पिन कोड, कोणते प्रवेशद्वार, कोणता मजला आणि दारावरच्या बेलवर काय नाव आहे. बेलचे मी मुद्दाम लिहीत आहे. अनेक इमारतींत बेलवर घराचा क्रमांक नसतो, केवळ आडनाव असते. भाडेकरू राहत असेल तर ते त्याचे आडनाव असते, जे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. मग आपण वेळेवर पोहोचूनही खालीच उभे राहतो. शिवाय एकाच नावाचे दोन रस्ते एकाच शहराच्या दोन भागांत असू शकतात, म्हणून पिन कोड नकाशावर टाकून जाहिरातीतल्या वर्तुळाशी जुळतो का, ते पाहावे. मजल्याचाही घोळ होतो: काही ठिकाणी जमिनीलगतचा मजला पहिला मानतात, तर काही ठिकाणी त्याच्या वरचा. "रस्त्यावरून किती जिने चढायचे" असे विचारले की प्रश्न मिटतो.

वेळेचे मात्र सर्वांत नीट विचारून घ्यावे, कारण "५ ते ६ दरम्यान" याचे तीन अर्थ होऊ शकतात. त्या तासाभरात केव्हाही यावे, दार उघडे असेल आणि इतरही पाहणारे असतील, हा एक. त्या तासात आपल्यासाठी दहापंधरा मिनिटे राखलेली आहेत आणि ती कोणती हे नंतर कळवले जाईल, हा दुसरा. एजंट स्वतः आधीच्या घराकडून त्या तासात केव्हातरी येणार आहे, हा तिसरा. पहिल्या अर्थाने आपण पावणेसहाला गेलो आणि त्यांच्या मनात दुसरा होता, तर आपली वेळ टळून गेलेली असते. "मी किती वाजता दाराशी असावे आणि पाहायला किती मिनिटे मिळतील?" असा थेट प्रश्न लिहावा. उत्तरात वाराबरोबर तारीखही लिहावी आणि महिना अक्षरांत लिहावा, कारण दिवस आधी की महिना आधी, याची पद्धत सगळीकडे सारखी नाही.

मी असा मजकूर पाठवला असता:

"नमस्कार. शनिवारी घर पाहण्यास मी आणि माझे पती असे दोघे येऊ. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: पिन कोडसह पूर्ण पत्ता, प्रवेशद्वार, मजला आणि बेलवरील नाव, आम्ही नेमके किती वाजता पोहोचावे, दार कोण उघडेल आणि त्यांचा फोन क्रमांक, आपण मालकांच्या वतीने काम पाहत असल्याचे पत्र भेटीच्या वेळी पाहता येईल का, आणि कोणती कागदपत्रे केवळ दाखवायची व कोणत्यांच्या प्रती आपल्याकडे ठेवायच्या. सध्याच्या भाडेकरूंना आमच्या येण्याची कल्पना दिलेली असेल, असे गृहीत धरते."

शेवटचे वाक्य केवळ सौजन्याचे नाही. भाडेकरूला आधी कळवलेले नसेल तर तो दार उघडणार नाही, आणि त्यात त्याची काही चूकही नसेल.

वसुधा

मोरेश्वर:

चि. आसावरीस आशीर्वाद.

घर घेत आहेस हे वाचून आनंद झाला. बँकेकडून कर्जाचे मंजुरीपत्र आधीच घेऊन ठेव, त्याशिवाय विकणारा मनुष्य बोलणीच पुढे नेत नाही. इमारतीच्या देखभालीचा मागील हिशेबही मागून घे.

मोरेश्वरकाका

आसावरी:

काका, नमस्कार. आम्ही सध्या भाड्यानेच घर पाहत आहोत. आपला निरोप विकत घेण्याच्या वेळेसाठी जपून ठेवते.

वसुधाताई, आपला मजकूर जवळजवळ तसाच पाठवला आहे.

नीलेश:

नमस्कार.

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण माझे स्वतःचे एक घर भाड्याने दिलेले असते आणि भाडेकरू बदलताना ते मला दाखवावे लागते. घरात राहणारे कुटुंब मला आठवड्यातून एखादी संध्याकाळ देते, त्यामुळे सर्वांना त्याच तासात बसवावे लागते आणि एक जण उशिरा आला तर मागचे सगळे पुढे सरकतात. दोन घरे एकाच दिवशी पाहणाऱ्यांनी मध्ये प्रवासाखेरीज अर्धा तास मोकळा ठेवावा. कोण येणार आहे याची माणसे व नावे कळवली तर मला बरे वाटते. न कळवता चार जण आले तर राहणाऱ्या कुटुंबासमोर मला अवघडल्यासारखे होते.

आमचे घर मागच्या इमारतीत आहे, मधल्या आवारातून जावे लागते. हे मी सांगायला विसरलो की हमखास कोणीतरी समोरच्या जिन्याने वर जाऊन भलत्याच दाराची बेल वाजवतो. वसुधाताईंनी प्रवेशद्वाराचे लिहिले, ते पटले.

सॅलरी स्लिपविषयी: साधारणपणे तीन महिन्यांच्या मागितल्या जातात, परंतु नोकरी नवी असेल तर नियुक्तिपत्र, ज्यावर पगार, रुजू झाल्याची तारीख आणि नोकरी कायम की मुदतीची हे लिहिलेले असते, ते मला पुरते. सोबत आधीच्या घरमालकाचे "भाडे वेळेवर मिळत होते" असे चार ओळींचे पत्र असेल तर माझ्या दृष्टीने ते तिसऱ्या स्लिपपेक्षा अधिक मोलाचे आहे. हे माझे मत झाले. मोठ्या कंपन्यांच्या मालकीच्या इमारतींत ठरलेल्या यादीबाहेर काही चालत नाही.

नीलेश

विनायक:

एक शंका. एजंटचे अधिकारपत्र वगैरे मागणे जरा आगाऊपणाचे वाटत नाही का? ज्याच्याकडे किल्ली आहे आणि जो आपल्याला आत नेऊन घर दाखवतो, त्याला अधिकार असणारच. फसवणूक करणारा "मी परदेशात आहे, आधी पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" असे सांगतो आणि घर कधीच दाखवत नाही.

वसुधा:

विनायक, परदेशातल्या मालकाची गोष्ट आपण सांगितली ती खरी आहे, आणि पत्ता देण्यापूर्वी किंवा घर दाखवण्याआधी पैसे मागितले तर तेथेच थांबावे. पण किल्लीवरून अधिकार सिद्ध होत नाही. एखादा मनुष्य काही दिवसांसाठी घर भाड्याने घेतो, त्याच काळात ते "आपले" म्हणून अनेकांना दाखवतो, प्रत्येकाकडून अनामत रक्कम घेतो आणि मुदत संपताच निघून जातो. तेथे किल्ली खरी असते, घरही जाहिरातीतल्या छायाचित्रांसारखेच असते. म्हणून मालक असेल तर मालकीचा कागद आणि त्यावरच्या नावाशी जुळणारे ओळखपत्र, एजंट असेल तर मालकाच्या सहीचे पत्र, आणि भाडेकरूच पोटभाडेकरू ठेवत असेल तर मालकाची लेखी संमती पाहावी. हे सारे पहिल्या भेटीत मिळेलच असे नाही. करार व पैसे यांच्याआधी मिळाले पाहिजे. विचारणा मात्र आधीच केलेली बरी, कारण ती ऐकून समोरचा कसे उत्तर देतो यावरूनही पुष्कळ कळते.

आसावरी, आपल्या बाजूने मूळ ओळखपत्र केवळ दाखवण्यापुरते न्यावे. ठेवून द्यायच्या प्रतींवर आडवे लिहावे: "फक्त अमुक पत्त्यावरील घराच्या अर्जासाठी", आणि खाली तारीख. पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी अक्षरे व खुणांच्या दोन ओळी असतात, त्या झाकून प्रत काढावी. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नाव आणि पगार जमा झाल्याची ओळ ठेवून बाकीचे व्यवहार काळे करावेत.

नीलेश:

व्यवहार काळे केलेले स्टेटमेंट मी स्वतः स्वीकारीन की नाही, याविषयी मला खात्री नाही. भाडे नियमित भरले जाते का, हे त्याच ओळींत दिसते. पासपोर्टच्या ओळींबद्दल माझी काही हरकत नाही.

वसुधा:

मग भाड्याच्या ओळीही उघड्या ठेवाव्यात. उरलेला खर्च कोठे होतो, हे मालकाने पाहण्याचे कारण मला अजूनही दिसत नाही.

आसावरी:

सर्वांना नमस्कार.

एजंटचे उत्तर आले. पूर्ण पत्ता मिळाला आहे आणि पिन कोड वर्तुळात बसतो. प्रवेशद्वार डावीकडचे आहे, बेलवर सध्याच्या भाडेकरूंचे आडनाव आहे आणि लिफ्ट नसून तीन जिने चढायचे आहेत, जे जाहिरातीत नव्हते. आम्हाला ५ वाजून २० मिनिटांनी बोलावले आहे आणि पंधरा मिनिटे मिळतील. म्हणजे वसुधाताईंनी सांगितलेला दुसरा अर्थ निघाला. दार एजंटचे सहकारी उघडतील आणि त्यांचा क्रमांक दिला आहे. अधिकारपत्राविषयी मात्र "भेटीत बोलू" एवढेच लिहिले आहे, आणि स्टेटमेंट आधी पाठवावे असा आग्रह आहे.

मी नियुक्तिपत्राची खूण केलेली प्रत आज पाठवत आहे आणि स्टेटमेंट घर पाहिल्यावर देईन असे कळवत आहे.

वसुधा:

एवढे पुरेसे आहे. शुक्रवारी संध्याकाळी एका ओळीत वेळ पुन्हा पक्की करावी आणि ते पत्र सहकाऱ्यांसोबत पाठवणार का, हेही त्याच ओळीत विचारावे. शनिवारीही उत्तर टाळले, तर घर पाहावे, पण अर्जावर सही करून येऊ नये.

विनायक:

तोवर दुसरा कोणी सही करून घर घेऊन जाईल, एवढेच म्हणतो.