मदत हवी आहे: मिनॉक्सिडिल ५% लावल्यावर खाज आणि पांढरा भुगा, फोमवर जाऊ का?

वऱ्हाडी_गडी (नागपूर): वय ३१, समोरून भांग रुंद होत चाललाय. त्वचारोगतज्ज्ञांनी ५% द्रावण दिलं, १ मिली सकाळी, १ मिली रात्री. दुसऱ्या महिन्यापासून लावलेल्या जागी खाज सुटते, कातडी लालसर होते. काळ्या शर्टावर पांढरा भुगा पडतो तो वेगळाच. सकाळी लावून ऑफिसला गेलो तर केस दुपारपर्यंत तेल चोपडल्यासारखे. फोम महाग आहे, म्हणून आधी विचारतोय. फरक पडेल का?

झटपट_उपाय: हे सगळं प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे. फोममध्ये ते नसतं. फोम घ्या, आठवड्यात भुगा, खाज सगळं बंद. तोवर खोबरेल लावून त्यावर द्रावण लावा, आग होणार नाही.

सान्वीची_आई: मलाही डिलिव्हरीनंतर मूठमूठ केस जातायत. बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं. फोम सौम्य आहे म्हणता, तर मी लावू का?

फार्मसीवाली_काकू: सान्वीची आई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. बाळंतपणानंतरची गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. बाळ अंगावर पीत असताना मिनॉक्सिडिल स्वतःहून सुरू करू नका, फोमही नाही.

झटपट, प्रॉपिलीन ग्लायकॉल म्हणजे पीजीबद्दलचं अर्धं बरोबर. पण तेलावर द्रावण लावलं तर ते कातडीपर्यंत नीट पोचत नाही.

वऱ्हाडी_गडी, तुमच्याकडे दोन भानगडी एकत्र दिसतायत. मिनॉक्सिडिल पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून द्रावणात अल्कोहोल आणि पीजी घालतात. अल्कोहोल लगेच उडतं. पीजी तासन्‌तास ओलसर राहतो, तोच तुमचा चोपडेपणा. सगळं वाळलं की उरलेल्या औषधाचे कण पांढरे दिसतात. तो भुगा भांगाच्या रेषेवर, कोरडा, बारीक असतो आणि साध्या पाण्याने निघतो. त्याखालची कातडी लाल नसते. पिवळट, चिकट पापुद्रे असतील, भुवया आणि नाकाच्या कडेलाही असतील, तर तो कोंडा. त्याला केटोकोनॅझोल शाम्पू लागेल, फोम नव्हे. आणि जिथे औषध लागतं तिथेच लाली, खाज, सालपटं असतील तर संशय पीजीवर.

फोमचा डबा घ्यायचाच असेल तर डोक्याला लावण्याआधी हातावर बघा. एका कोपराच्या आतल्या बाजूला द्रावण, दुसऱ्याला फोम, दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, आठवडाभर. खाज उठली तर तिथेच थांबवा. तोवर डोक्याला काही लावू नका.

वऱ्हाडी_गडी: केलं. द्रावणाच्या हातावर लाल पुरळ आणि खाज, फोमचा हात साफ. म्हणजे पीजीच ना?

फार्मसीवाली_काकू: बहुधा. दोन्ही हात लाल झाले असते तर अल्कोहोल किंवा खुद्द मिनॉक्सिडिलवर शंका आली असती. त्रास मिनॉक्सिडिलचाच निघाला तर फोमचाही उपयोग नसतो. पक्कं सांगायला पाठीवरची पॅच टेस्टच लागते. डॉक्टरांना हे सांगाच, कारण खाजेवर दिल्या जाणाऱ्या बऱ्याच स्टेरॉइड मलमांत आणि लोशनांतही पीजी असतो. नाहीतर उपायच त्रास वाढवायचा.

लाली पूर्ण जाईपर्यंत फोमही नको. मग अर्धं झाकण, म्हणजे साधारण १ ग्रॅम, दोनदा. नागपूरच्या उन्हाळ्यात बोटावर घेतला की लगेच पाणी होतो. डबा उलटा धरून गार स्टीलच्या वाटीत काढा, बोटं गार पाण्याने धुऊन पुसा. केस कोरडे हवेत. एक भांग पाडा, बोटाच्या टोकावर थोडा फेस घेऊन कातडीला टेकवा, पुढचा भांग. वरून थापलात तर निम्मा केसांवर बसतो, आणि मग फोमनेही केस चिपचिपतात. लावून किमान चार तास डोकं धुवायचं नाही, रात्रीचं झोपण्याआधी दोनेक तास. हात धुवा. घरात मांजर असेल तर उशी आणि रिकामा डबा तिच्यापासून लांब. तिला हे विष आहे. डबा गॅसजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीत नको.

टकलू_हैवान: मी फक्त रात्री लावतो, सकाळचं सोडलंय. ऑफिसात केस ठीक दिसतात. चालतं ना?

फार्मसीवाली_काकू: पुरुषांसाठी लेबलवर दोनदाच आहे. काही डॉक्टर एकदाच सांगतात, पण दोन्हींचा परिणाम सारखाच, असं मी म्हणणार नाही. सकाळचा डोस राहिला म्हणून रात्री दुप्पट मात्र नको.

वऱ्हाडी_गडी: दुकानदार म्हणतो, पीजी नसलेलं द्रावणही मिळतं, फोमपेक्षा स्वस्त. ते चालेल?

फार्मसीवाली_काकू: बाटलीवरची घटकांची यादी वाचा. पीजी काढला की बऱ्याचदा अल्कोहोल वाढवलेलं असतं. खाज गेली तरी कातडी कोरडी पडते, आणि कणांचा भुगा राहू शकतो. आधी तीच हातावरची परीक्षा घ्या. लाली गेली का?

वऱ्हाडी_गडी: कपाळाजवळ अजून आहे थोडी. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय, पॅच टेस्टचं विचारून इथे लिहितो.