शी फक्त डायपरमध्येच करणाऱ्या मुलाला डायपर परत द्यायचा का?

मृण्मयी_के
मुलगा ३ वर्षांचा, वजन १३ किलो. शू पॉटीत मस्त करतो पण शी अजिबात नाही. डायपर बंद केल्यापासून चार-चार पाच-पाच दिवस धरून ठेवतो, मग रडारड आणि एवढी जाड कडक शी की बघवत नाही, एकदा थोडं रक्तपण दिसलं. डॉक्टरांनी पावडर दिलीय, काही महिने द्यायची म्हणाल्या, आणि शीसाठी डायपर परत सुरू करा म्हणाल्या. नवरा म्हणतो आता डायपर दिला तर आत्तापर्यंतचं सगळं पाण्यात. सासूबाई म्हणतात पावडरीची सवय लागेल. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक_बाबा
तुमच्या मिस्टरांशी सहमत. मुलं फार हुशार असतात, एकदा कळलं की रडून डायपर मिळतो की संपलं. आमच्या मुलीने पण सुरुवातीला नाटकं केली, आम्ही डायपर घरातूनच काढून टाकले, थोडे दिवस रुसली आणि मग गेली गपचूप पॉटीवर. नियम एकच ठेवा, रोज बदलू नका, बाकी काही नाही.

सायली_लिहिते
बाबा, तुमची मुलगी रुसली होती, हा मुलगा घाबरलाय. त्याला पॉटीवर जायचं नाहीये असं नाही, त्याला शीच बाहेर येऊ द्यायची नाहीये. मृण्मयी, तो चवड्यांवर उभा राहतो का, पाय एकमेकांवर आवळून, लालबुंद होऊन, पडद्यामागे किंवा सोफ्याच्या कोपऱ्यात जाऊन? आमच्याकडे सगळे म्हणायचे बिचारा किती जोर लावतोय बघ, तर तो जोर लावतच नव्हता, आतली शी आत ढकलत होता. हे ओळखू यायला लागलं की अर्धी भांडणं आपोआप मिटतात घरातली.

मृण्मयी_के
अगदी हेच! पडदा, चवडे, सगळं. आणि आम्ही शेजारी उभं राहून "लाव जोर लाव जोर" 😐

ओपीडीवाली_अनघा
मी लहान मुलांची डॉक्टर आहे, पोटाच्या तक्रारीवाली मुलं रोज बघते, म्हणून जरा लांब लिहिते.

एकदा कधीतरी कडक शी होते, दुखतं, कधी चीर पडते (रक्त बहुतेक त्याचंच, डॉक्टरांनी बघितलं असेलच). मूल ठरवतं की आता करायचीच नाही. धरून ठेवली की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, शी अजून कडक आणि मोठी होते, पुढच्या वेळी अजून दुखतं आणि त्याची खात्रीच पटते. दरम्यान शेवटचा भाग ताणला जातो आणि "शी आलीय" हे कळणंच कमी होतं. म्हणजे भीती आधी, हट्ट नंतर. जोपर्यंत दुखणं थांबत नाही तोपर्यंत पॉटीचा कुठलाही नियम चालत नाही कारण त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याला दुखवून घ्यायला बसवताय.

म्हणून क्रम असा, आधी शी मऊ, मग बरेच आठवडे मऊच, आणि पॉटी त्याच्याही नंतर. डायपर परत देणं हे त्या मधल्या काळापुरतं आहे. धरून ठेवणाऱ्या मुलाने डायपरमध्ये रोज मऊ शी केली तर मी ते यश मानते.

रोखठोक_बाबा
डॉक्टर तुम्ही म्हणताय तर औषधाचं मान्य. पण महिनोन्महिने पावडर? आतडं आळशी होणार नाही का, उद्या पावडरीशिवाय होणारच नाही.

हिरवी_पानं
मी हेच लिहायला आले होते. औषध कशाला, पाणी वाढवा, फळं भाज्या वाढवा, दूध कमी करा, आपोआप होईल. हल्लीच्या मुलांच्या खाण्यात चोथाच नसतो.

ओपीडीवाली_अनघा
दुधाचं बरोबर आहे, काही मुलं दिवसभर दुधावरच असतात आणि मग जेवतच नाहीत, तिथे कमी करून फरक पडतो. पण पाणी आणि चोथा वयाला लागतो तेवढा हवाच, त्याच्या वर कितीही वाढवलं तरी ही तक्रार बरी होते असं दिसलेलं नाही. आणि आत आधीच गोळा बसलेला असताना वरून चोथा भरला तर नुसता ढीग वाढतो, पोट फुगतं, भूक जाते.

पावडरीबद्दल. मृण्मयी, ती पॉलिइथिलीन ग्लायकॉलच असेल ना? ती आतड्याला ढोसत नाही, फक्त पाणी धरून ठेवते म्हणजे शी सुकत नाही, आणि रक्तात जवळपास जातच नाही. त्यामुळे आतडं आळशी होण्याचा प्रश्न येत नाही. मला जे नेहमी दिसतं ते उलटं, आठ दिवस छान होते, घरचे खूश होऊन पावडर बंद करतात, एक कडक शी होते आणि भीती परत पहिल्यापासून. निदान दोन महिने, आणि सगळं सुरळीत होऊन एक महिना गेल्यावर हळूहळू कमी करत आणायची. पॉटीचं शिकणं अर्धवट असताना तर बंद करूच नये.

डोसचं उदाहरण देते, पण बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. रोजचा डोस साधारण किलोला ०.४ ग्रॅमपासून सुरू होतो, म्हणजे १३ किलोला ५ ग्रॅमच्या आसपास, मग शी बघून कमीजास्त. पण आत गोळा साठलेला असेल तर हे ५ ग्रॅम कुठे जातात कळतही नाही. आधी तो रिकामा करावा लागतो, त्याला किलोला १ ते १.५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १३ ते २० ग्रॅम, असे ३ ते ६ दिवस, आणि मग रोजच्या डोसवर यायचं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं होतं का, काही कडक लागलं होतं का?

मृण्मयी_के
हो पावडर तीच आहे. डाव्या बाजूला खाली गोळा लागतोय म्हणाल्या होत्या. पण डोस एकच लिहून दिलाय, रोज ५ ग्रॅम. दोन आठवडे झाले, खूप फरक नाहीये.

ओपीडीवाली_अनघा
मग उद्याच फोन करून एवढंच विचारा, "आधी साफ करायचा डोस द्यायचा का". आणि पावडर जेवढ्या पाण्यात सांगितलीय तेवढ्यातच घाला, पटकन संपावं म्हणून घोटभर पाण्यात नको, तिचं कामच ते पाणी धरून ठेवायचं आहे.

पूजा_नि
आमचं उलटं आहे, मुलीला बद्धकोष्ठता होती म्हणून हीच पावडर दिली तर आता दिवसभर चड्डीला पातळ पातळ लागतं, तिला कळतसुद्धा नाही. जुलाब झाले म्हणून आम्ही पावडर थांबवली. तर मृण्मयी जपून, ह्या पावडरीने जुलाब होतात.

ओपीडीवाली_अनघा
पूजा, थांबा जरा. एकदम भरपूर पातळ होते का, की थोडं थोडं लागत राहतं? आणि मधेच कधी मोठी कडक होते का?

पूजा_नि
थोडं थोडं लागत राहतं. आणि हो, चार दिवसांपूर्वी खूप मोठी कडक झाली होती.

ओपीडीवाली_अनघा
मग हे जुलाब नसावेत. आत गोळा अडकलेला असतो आणि वरची पातळ शी त्याच्या बाजूने झिरपते, मुलीला ती कळतही नाही आणि थांबवताही येत नाही. अशा वेळी औषध बंद केलं तर गोळा अजून घट्ट बसतो. लवकर दाखवून या, आणि चड्डी खराब केली म्हणून तिला रागवू नका प्लीज.

सायली_लिहिते
हे वाचून घरोघरी किती पोरांनी उगाच ओरडा खाल्ला असेल असं वाटलं.

रोखठोक_बाबा
बरं बाबा, पावडर मान्य, डायपरपण मान्य. पण मग तो सुटणार कधी? शाळेत डायपर घेऊन जाणार का? कोणीतरी पुढचं सांगा, नुसतं "घाबरलाय" म्हणून कसं चालेल.

सायली_लिहिते
आम्ही असं केलं. शी मऊ झाल्यावर डायपर हवा तर मिळेल पण शी बाथरूममध्येच करायची, कोपऱ्यात उभं राहून का होईना. ते अंगवळणी पडलं की डायपर घालूनच पॉटीवर बसायचं. मग डायपर सैल बांधायचा, आणि मग डायपरला खालून भोक. ह्यातली प्रत्येक पायरी त्याला कंटाळा येईपर्यंत चालली, मी घाई केली की तो धरायला लागायचा म्हणजे एक पायरी मागे.

हिरवी_पानं
भोकाचं काहीतरीच वाटतं मला, मुलाला फसवल्यासारखं.

ओपीडीवाली_अनघा
त्याला दाखवून, त्याच्यासमोर कापलं तर फसवणूक नाही. पण सगळ्यांना चालत नाही हे खरं, काही मुलं शी खाली पडताना बघून अजून घाबरतात, त्यांच्याबाबतीत मी तो भाग सोडून देते. बसायची वेळ मात्र महत्त्वाची. जेवणानंतर आतडं आपणहून हलतं, तेव्हा पाचेक मिनिटं बसायचं, पायाखाली स्टूल घेऊन गुडघे कमरेच्या जरा वर. पाय लोंबकळत असले की तो नीट सैल सोडूच शकत नाही. झाली नाही तर उठायचं, चेहरा पाडायचा नाही.

रोखठोक_बाबा
आणि झाली की बक्षीस?

ओपीडीवाली_अनघा
बसल्याचं बक्षीस, शी झाल्याचं नाही. शी होणं त्याच्या हातात अजून पूर्ण नाहीये.

सायली_लिहिते
इथे मी वेगळी. आमच्याकडे स्टिकरने उलटंच झालं, स्टिकर मिळाला नाही की रडून पुढचे दोन दिवस बंद. आम्ही बक्षीस वगैरे सगळं बंद केलं आणि शीबद्दल घरात बोलणंच थांबवलं, तेव्हा कुठे तो निवांत झाला.

ओपीडीवाली_अनघा
असंही होतं. मूल बघून ठरवा.

हिरवी_पानं
एवढे महिने थांबण्यापेक्षा एनिमा देऊन एकदाच मोकळं का करत नाहीत?

ओपीडीवाली_अनघा
गोळा काढायला तोंडाने दिलेलं औषधही तेवढंच काम करतं. आणि ज्याला आधीच त्या जागेची भीती बसलीय त्याला धरून एनिमा द्यायचा म्हणजे बघा. लागतो कधीकधी, पण माझी पहिली निवड नाही. मृण्मयी, एक राहिलं, जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवसांत झाली होती ना? पोट फुगून हिरव्या उलट्या, वजन न वाढणं, पायात अशक्तपणा, कमरेखाली खळगा किंवा केसांचा पुंजका, असलं काही?

मृण्मयी_के
नाही, पहिल्याच दिवशी झाली होती. बाकी काहीच नाही, वजन पण नीट वाढतंय.

ओपीडीवाली_अनघा
छान. ह्यातलं काही असतं तर मी हे सगळं लिहीत बसले नसते, आधी तपासण्या सांगितल्या असत्या.

मृण्मयी_के
सगळ्यांना थँक्स. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला, तो म्हणतोय औषध चालेल, डायपर दोन महिने, त्यापुढे नाही. मी म्हणतेय तारीख ठरवायचीच नाही. ह्यावर काय म्हणाल?

रोखठोक_बाबा
तारीख हवीच, नाहीतर डायपर कायमचा.

सायली_लिहिते
तारीख तुमच्या दोघांत ठेवा हवी तर, पोराला सांगू नका. आणि ती "डायपर बंद"ची नको, "सलग चार आठवडे मऊ शी, एकदाही न धरता" हे झालं का ते बघायची ठेवा. झालं असेल तर पुढची पायरी, नसेल तर डोस परत विचारायचा.

रोखठोक_बाबा
म्हणजे तारीख नाहीच 😄