टाकी रिकामी व्हायला हिशोबापेक्षा जास्त वेळ का?

«टाकी 1000 लिटर, पाण्याची उंची 1 मीटर, तळाची आखूड नळी आतून 25 मिमी. वेग सेकंदाला 4.4 मीटर धरला तर पावणेआठ मिनिटं येतात. प्रत्यक्षात एकोणीस लागली. कुठे चुकलं?»

भागाकार बरोबर आहे, पण 4.4 हा फक्त पहिल्या क्षणाचा वेग. पाणी उतरतं तसा दाब घटतो आणि वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. पाव मीटर उरलं की वेग निम्म्यावर, 2.2 वर येतो. सरळ भिंतींच्या टाकीत सरासरी वेग सुरुवातीच्या बरोबर निम्मा पडतो, म्हणून वेळ दुप्पट:

```
t = 2V / (A × v)
```

V म्हणजे टाकीतलं पाणी, A म्हणजे नळीच्या आतल्या तोंडाचं क्षेत्रफळ आणि v म्हणजे सुरुवातीचा वेग. इथे साधारण सव्वापंधरा मिनिटं येतात. नळीच्या तोंडाशी धार आकसते, थोडं घर्षणही होतं, त्यामुळे आखूड नळीतून त्या हिशोबाच्या साधारण 80 टक्केच पाणी जातं. सव्वापंधराला 0.8 ने भागा, तुमची एकोणीस मिनिटं आली! लांब पाइप किंवा अर्धवट उघडी तोटी असेल तर आणखी वेळ जाईल.

जुळे सोलापुरात आम्ही पाणी येण्याच्या आदल्या दिवशी गच्चीवरची टाकी धुतो, तेव्हा हे पडताळलं. पाऊण पाणी जायला जितका वेळ लागतो, जवळपास तितकाच उरलेल्या पावभागाला लागतो. तुम्ही टाकीवर पाव उंचीला खडूची खूण करून बघा. तिथवर साडेनऊऐवजी बरीच जास्त मिनिटं लागली, तर नळीत गाळ किंवा क्षार साचलेत असं समजा.