विषय: बीओक्यू, म्हणजे टेंडरमधली कामांची आणि परिमाणांची यादी, तपासताना

> "टेंडर भरायला वेळ कमी आहे. सगळी ड्रॉइंग न मोजता बीओक्यूतलं चुकीचं युनिट कसं पकडायचं?"

एकमेकांवर अवलंबून असलेले आयटम शेजारी ठेवून बघा. समजा, ११५ मिमी जाडीचं वीटकाम ४८० घनमीटर दिलंय आणि आतलं प्लास्टर सगळं मिळून १,९०० चौरस मीटर. आता ४८० ला ०.११५ ने भागा. भिंत जवळपास ४,१७४ चौरस मीटर निघते, म्हणजे दोन्ही बाजूंचं प्लास्टर ८,३०० च्या वर हवं. जुळतच नाही. बहुतेक ४८० हे चौरस मीटर असणार. घनमीटरमध्ये ते फक्त ५५.२ होतात. जाड भिंत घनमीटरमध्ये आणि ११५ मिमीची, म्हणजे अर्ध्या विटेची, चौरस मीटरमध्ये मोजतात, त्यामुळे वरच्या ओळीतलं युनिट खाली कॉपी होणं नेहमीचंच. तरी खात्रीसाठी एका मजल्याच्या तेवढ्या भिंती मोजाच.

याच आयटमचं वर्णनही नीट वाचा. "आरसीसी पट्ट्यांसह पूर्ण" असं लिहिलं असेल, तर भिंतीतल्या या काँक्रीटच्या पट्ट्यांमधली सळई याच दरात धरली आहे की स्टीलच्या आयटममध्ये मोजणार? शटरिंगचं काय? पट्ट्यांचा उल्लेखच नसेल आणि काँक्रीटच्या भागातही त्या सापडल्या नाहीत, तर आयटम सुटलाय.

युनिट स्वतः बदलून दर भरू नका, काही ठिकाणी तेवढ्यावरून टेंडर बाद करतात. टेंडर भरण्याआधीच्या प्री-बिड बैठकीत आयटम क्रमांक देऊन लेखी विचारा, शुद्धिपत्रक मागा. तोंडी उत्तर बिलाच्या वेळी कुणी मानत नाही.