केदारनाथ पॅकेज: वरच्या रात्रीचं काय?

«फोंड्याहून आईबाबांसह पाचजण जातोय. पॅकेजच्या यादीत ‘हरिद्वार ते हरिद्वार, पाचवी-सहावी रात्र गुप्तकाशी’ असं लिहिलंय. ‘दर्शन, गाडी, जेवण समाविष्ट’ म्हणतात. अॅडव्हान्स भरू का?»

आधी मुक्काम बघा. पाचवी आणि सहावी, दोन्ही रात्री गुप्तकाशीच लिहिलंय. म्हणजे वर केदारनाथला खोली नाही, एकाच दिवसात चढून उतरायचं. गाडी सोनप्रयागलाच थांबते. पुढे गौरीकुंडापर्यंत शेअर जीप आणि तिथून सुमारे १६ किलोमीटर चढ. जीप, घोडा, डोली यांचा यादीत उल्लेखच नाही, म्हणजे ते तुमच्या खिशातून. आमची आई घोड्यावरून उतरेपर्यंत काळोख झाला होता. शेवटी वरच राहिलो. ती खोली वेगळी, गुप्तकाशीची भरलेली फुकट गेली. वरची एक रात्र आताच लिहून मागा. आणि ‘हरिद्वार ते हरिद्वार’ असल्यामुळे मडगावपासूनचं रेल्वेभाडंही धरलेलं नाही.