बीट उकडायचं कसं? (आमच्या सोसायटी ग्रुपवरची शनिवारची चर्चा)

बी-१०१: नमस्कार सगळ्यांना. उद्याच्या हळदीकुंकवासाठी ४० जणींची बीटची कोशिंबीर माझ्याकडे आहे. ३ किलो बीट आणलंय. त्यातली पाच बीटं आज करून बघितली आणि फसली. सोलून, मोठ्यांचे दोन तुकडे करून कुकरात पाण्यात घातली, ४ शिट्ट्या काढल्या. लहान दोन हातात धरली की फुटतात, मोठ्याचा मधला भाग कच्चा, सुरी अडते. पाणी लालभडक झालं आणि बीट फिक्कट गुलाबी. उद्या ३ किलोचं असं झालं तर काय करू?

ए-२०४ (वहिनी): माझंही नेहमी असंच होतं. म्हणून मी कच्चंच किसते.

सी-४०३ (काका): शिट्ट्या वाढवा. ६ काढा.

ए-३०२ (काकू): शिट्ट्या वाढवल्या तर मोठं शिजेल, पण लहानांचा लगदा होईल. अगं, तुझ्या दोन चुका झाल्या. एक, सोलून आणि चिरून शिजवलंस. दुसरी, लहानमोठी बीटं एकदम घातलीस. मी वीस वर्षं डबे केले, आठवड्यातून दोनदा बीट असायचंच. सविस्तर लिहिते, जरा वेळ दे.

ए-३०२ (काकू): आधी सालीचं. बीटचा लाल रंग पाण्यात विरघळतो. साल अख्खी असेल तोवर तो आत राहतो. साल काढली, चिरलं, शेंडा अगदी मुळापासून छाटला, की तिथून रंग आणि गोडवा दोन्ही पाण्यात उतरतात. तुझं पाणी लालभडक झालं ना, तो बीटचाच रंग. म्हणून पाला काढताना देठ दोन बोटं ठेवायचे आणि खालची शेपटी तशीच राहू द्यायची. माती मात्र नळाखाली हाताने चोळून धुवायची. घासणीने खरवडू नकोस, साल सोलवटते.

बी-१०१: बाजारातून आणलेल्यांचे देठ आधीच छाटलेले आहेत काकू.

ए-३०२ (काकू): चालेल, थोडा रंग जाईल. तू आणखी छाटू नकोस एवढंच.

सी-४०३ (काका): पाण्यात लिंबू पिळलं तर रंग टिकतो असं ऐकलंय.

ए-३०२ (काकू): रंग टिकतो हे खरं आहे, पण आंबट पाण्यात कंद मऊ व्हायला फार वेळ लागतो. डाळीत चिंच आधी घातली की ती शिजत नाही, तसंच. लिंबू कोशिंबिरीत शेवटी. आणि लवकर शिजावं म्हणून कोणी सोडा घालू नका. वरचा थर बुळबुळीत होतो आणि रंग विटतो.

बी-१०१: आणि वेळ? मला शिट्ट्या सांगा ना, तेच कळतं.

ए-३०२ (काकू): शिट्टीचा हिशेब बीटला लागू पडत नाही. आच मोठी असली की शिट्ट्या भराभर होतात, बारीक असली की सावकाश. वेळ ठरते ती बीट किती जाड आहे त्यावर. उष्णता बाहेरून मध्यापर्यंत पोचायला हवी, आणि जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट होत नाही, तिप्पट-चौपट होतो. म्हणून लहान मऊ होऊन फुटतं तेव्हा मोठं मध्ये कच्चं असतं. वजनावर जाऊ नकोस, सगळ्यात जाड जागेवर हात ठेवून बघ. लांबट बीट वजनाला भारी असलं तरी बारीक असेल तर लवकर शिजतं.

ए-३०२ (काकू): आता उरलेली बीटं ओट्यावर मांड आणि तीन ढीग कर. लिंबाएवढी, क्रिकेटच्या चेंडूएवढी आणि त्याहून मोठी. किती निघतात सांग.

बी-१०१: पाच गेली, म्हणून संध्याकाळी थोडी आणून पुन्हा ३ किलो केली. मोजली. लिंबाएवढी ८, चेंडूएवढी ६, मोठी ४. मोठ्यातलं एक वजन करून बघितलं, साधारण ३५० ग्रॅम.

ए-३०२ (काकू): छान. मोठं पातेलं असेल तर उघड्यावरच कर, हे एवढं कुकरात एकदम मावणारही नाही. उकळी आल्यापासून लिंबाएवढ्यांना साधारण २५ मिनिटं, चेंडूएवढ्यांना ४५ आणि तुझ्या मोठ्यांना ७० मिनिटं धर. सगळी एकाच वेळी उतरवायची आहेत, म्हणून मोठी आधी, लहान शेवटी.

गार पाण्यात मोठी ४ घाल, बीटं बुडून वर दोन बोटं पाणी हवं. उकळी आली की आच इतकी कमी कर की पाणी नुसतं हलत राहील. खळाखळा उकळलं तर बीटं एकमेकांवर आपटून साल फाटते. २५ मिनिटांनी चेंडूएवढी ६ सोड. पाण्याची उकळी मोडेल, ती परत येईपर्यंतचे दोन-चार मिनिटं जास्तीचे धर. आणखी २० मिनिटांनी लहान ८. मग २५ मिनिटं. पाणी आटलं तर वरून उकळतंच पाणी घाल, गार नको.

सी-१०२: काकू, पातेलं नसेल आणि कुकरच वापरायचा असेल तर?

ए-३०२ (काकू): एका मापाची बीटं एका वेळी. कुकरात दोन पेले पाणी, आत जाळी, जाळीवर बीटं. पाण्यात बुडवायची नाहीत, वाफेवर शिजू द्यायची, रंग आणखी कमी जातो. पहिली शिट्टी झाली की आच बारीक आणि तिथून घड्याळ बघायचं. लहानांना ८ ते १० मिनिटं, चेंडूएवढ्यांना १५, मोठ्यांना २५. झाकण आपोआप पडेपर्यंत उघडू नका, त्या वेळात आतला भाग शिजत असतो. मोठ्यांसाठी तर ती दहा मिनिटं फार उपयोगी.

ए-२०४ (वहिनी): शिजलं हे कळतं कसं? मी सगळ्यांना सुरी टोचून बघते.

ए-३०२ (काकू): प्रत्येकाला टोचलं की प्रत्येकातून रंग गळतो. ढिगातलं सगळ्यात जाड एकच निवडा आणि तेही वेळ भरत आल्यावरच टोचा. बारीक सुरी मध्यापर्यंत घाला आणि तशीच वर उचला. बीट सुरीवरून आपोआप घसरून पडलं तर झालं. सुरीबरोबर वर आलं तर आणखी १० मिनिटं. बाहेरून मऊ लागतं म्हणून फसू नका, अडतं ते मध्येच.

दुसरी खूण सालीची. बीट पाण्यातून काढून अंगठ्याने थोडं दाबून सरकवा. साल सुरकुतून सुटली तर बीट शिजत आलंय. सालीखालचा थर विरघळल्याशिवाय ती सुटत नाही. म्हणून सोलताना नखाने ओरबाडावं लागलं तर समजायचं की ते बीट बहुधा अजून कच्चं आहे. ते परत गरम पाण्यात.

बी-१०१: परत घातलं तर चालतं?

ए-३०२ (काकू): चालतं, पण गार व्हायच्या आत आणि उकळत्या पाण्यात. चिरल्यावर परत घातलं तर मात्र रंग पाण्यात उतरतो.

आणि सोलणं. उतरवलं की गार पाण्यात दोन-तीन मिनिटं, हाताला सोसवेल इतपत होईपर्यंतच. मग देठाकडची चकती काप आणि दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी साल खाली ढकल. भिजवलेल्या शेंगदाण्याची साल निघते तशी निघून येते, खाली गुळगुळीत चकचकीत बीट. पूर्ण गार झालं की साल परत चिकटते, म्हणून कोमट असतानाच सगळी सोलून घे. हाताला आधी खोबरेल चोळ, लाल डाग कमी धरतील. लाकडी पोळपाटावर कापू नकोस, डाग बसेल.

सी-४०३ (काका): हे सगळ्या कंदांना लागू? बटाटे मी नेहमी सालासकटच उकडतो.

ए-३०२ (काकू): बटाट्याला अगदी असंच. एका मापाचे, गार पाण्यापासून. उकळत्या पाण्यात टाकले तर वरून फुटतात आणि आत दडस राहतात. मध्यम बटाट्याला उकळी आल्यावर २०-२५ मिनिटं.

रताळ्यांना पाणीच नको, जाळीवर वाफ. आणि घाई नको. रताळं सावकाश तापलं की आतल्या पिठाची साखर होते, म्हणून बारीक आचेवरचं रताळं जास्त गोड लागतं. साल नंतर काढायची.

अळकुड्यांना लक्ष ठेवा. लहान असतात, १२-१५ मिनिटांत होतात, आणि पाच मिनिटं जास्त झाली तरी चिकट लगदा. गरम असतानाच साल बोटाने सुटते. हाताला तेल लावून सोला, खाज कमी सुटते.

ए-२०४ (वहिनी): आणि सुरण?

ए-३०२ (काकू): सुरण याला अपवाद. त्याची साल जाड, खडबडीत, खाचांत माती भरलेली. ती आधी सुरीने जाड काढायची, फोडी करायच्या आणि चिंच किंवा आमसूल घालून शिजवायच्या. खवखव त्याच्यातल्या सुईसारख्या बारीक कणांमुळे असते, आंबटाने ती कमी होते. बीटला आंबट नको म्हटलं आणि इथे घाला म्हणतेय, कारण इथे फोडी लहान असतात आणि खाज काढणं जास्त गरजेचं.

सी-१०२: गाजर?

ए-३०२ (काकू): गाजराची साल आधीच खरवडायची.

(रविवार)

बी-१०१: काकू, झालं! ठीक ९ वाजता मोठी घातली. उकळी यायलाच २० मिनिटं गेली. १०:३५ ला सगळ्यात जाड बीट टोचलं तर सुरीबरोबर वर आलं. लहान ८ आणि मधली ६ झाऱ्याने काढून घेतली, मोठी आणखी १२ मिनिटं ठेवली. मग टोचलं तर घसरून पडलं. पाणी फक्त गुलाबीसर झालं, कालच्यासारखं लाल नाही.

ए-३०२ (काकू): लहान आधी काढलीस ते फार बरं केलंस. साल?

बी-१०१: १७ जणांची सरकन निघाली. एका मोठ्याची सुटेना. कापलं तर मध्ये पांढरट, दोऱ्यांसारखं.

ए-३०२ (काकू): ते जून बीट. जमिनीत फार दिवस राहिलं की आत तंतू धरतात, ते कितीही शिजवलं तरी मऊ होत नाहीत. कापल्यावर दिसणारी गोल वर्तुळं वेगळी, ती प्रत्येक बीटमध्ये असतात. तंतूचा भाग काढून टाक, बाकीचं वापर.

ए-२०४ (वहिनी): मुलांनाही देणार आहोत ना? उद्या सकाळी कोणाला लघवी लालसर दिसली तर घाबरू नका म्हणून आधीच सांगून ठेवते. काहींना बीट खाल्ल्यावर तसं होतं, एक-दोन दिवसांत जातं. बीट न खाताच दिसली किंवा त्यापुढेही राहिली तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

बी-१०१: बरं झालं सांगितलंत. काकू, दही आत्ताच घालून ठेवू का?

ए-३०२ (काकू): नको. किसून नुसतं झाकून फ्रिजमध्ये ठेव. दही, मीठ, लिंबू साडेचारला घाल, आधी घातलं तर पाणी सुटेल. फोडणी मी येऊन देते.