मदत हवी आहे: अंड्यांचा ट्रे परवडतो की डझन?

चौकोनी_चपाती: कोपऱ्यावरच्या दुकानात अंडी 84 रुपये डझन, म्हणजे 7 ला एक. होलसेलवाल्याकडे 30 चा ट्रे 195 ला, साडेसहाला एक. पण ट्रे स्कूटीवर पायाशी ठेवून आणावा लागतो, एखाददुसरं फुटतंच. दुकानदार फुटकं बदलून देतो, ट्रेवाला नाही. किती फुटली की ट्रे महाग पडतो?

हिशेबी_मामा: 10 टक्के तूट धरा. साडेसहावर 65 पैसे चढवले की 7.15. डझनच घ्या.

माजी_अंडेवाला: मामा, तूट भावावर चढवायची नसते, उरलेल्या अंड्यांनी भागायचं असतं. तीन फुटली तर 195 भागिले 27, म्हणजे 7.22. त्याहून सोपं सांगतो. उरलेली अंडी दुकानात केवढ्याला पडली असती ते बघा. एकही फुटलं नाही तर 210, म्हणजे 15 रुपये सुटले. एक फुटलं तर 8 सुटले. दोन फुटली तर 28 अंडी 196 ची, सुटला जेमतेम एक रुपया. तिसरं फुटलं की 6 रुपये अंगावर. भाव बदलला तर ट्रेच्या किमतीला दुकानातल्या एका अंड्याच्या भावाने भागा, निदान तेवढी तरी घरी धड पोचायला हवीत.

आणि फुटलेलं वेगळं, तडकलेलं वेगळं. कवचाला केसाएवढी चीर आहे, पण आतला पापुद्रा शाबूत आहे, गळत नाही, तर ते तुटीत धरू नका. त्याच दिवशी भुर्जी करा, नीट शिजवून. गळणारं मात्र टाकायचं.

सुगरण_नसलेली: तडकलेलं मी तरी खाणार नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. माझ्या हिशेबात ते गेलेलंच.

माळावरचा: आमच्याकडे गावरान मिळतात. ट्रे-बिट्रेची भानगडच नको, गावरान घ्या.

चौकोनी_चपाती: दादा, प्रश्न पांढऱ्या अंड्यांचा आहे. गावरान या भावात मिळाली तर पत्ता द्या!
@माजी_अंडेवाला, तडकलेली तिथेच ओळखायची कशी?

माजी_अंडेवाला: दोन अंडी हलकेच एकमेकांवर टेकवा. धड असतील तर टणक आवाज येतो, तडकलेलं बद्द वाजतं. तीसही वाजवत बसू नका, गिऱ्हाइकं मागे उभी असतात. कडेच्या ओळी आणि कोपरे बघा. पुठ्ठा दमट असेल तर तो ट्रे घेऊच नका, उचलताना मधे खचतो. खाली आणखी एक रिकामा ट्रे मागून घ्या. जुना असेल तर बहुतेक जण तसाच देतात.

हिशेबी_मामा: भागाकार मान्य. पण 15 रुपयांसाठी पेट्रोल किती जाळणार?

चौकोनी_चपाती: ऑफिसच्या वाटेवरच आहे, मामा. अडचण स्पीडब्रेकरची आहे. मागे बसणाऱ्याच्या मांडीवर ट्रे दिला तर कमी फुटतात का, कुणाला अनुभव?